मिनिटभराचा जादा भार मोटर का सोसते?



कार्यक्रमात विजेच्या मोटरीविषयी बोलणे झाले की पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो. कडबा कुट्टीला ३ हॉर्सपॉवरची मोटर बसवली आहे. मोटरीच्या पाटीवर ५ अँपिअर लिहिले आहे. वायरमनने चिमटा मीटर लावून पाहिले, तर पेंढी आत जात असताना ७ अँपिअर दिसतात. पेंढी संपली की ३ वर येतात. दुकानदार म्हणतो, मोटर जळेल, ५ हॉर्सपॉवरची घ्या. शेजारी म्हणतो, माझी तर चार वर्षे अशीच चालली आहे. खरे कोणाचे?

शेजाऱ्याचे खरे असू शकते, पण त्याची मोटर का टिकली हे त्याला ठाऊक नसेल, तर पुढच्या हंगामात तीच मोटर जळू शकते. मोठी मोटर घेतली की नुसता मोटरीचा खर्च होत नाही. स्टार्टर बदलावा लागतो, जोडभार वाढवून घ्यावा लागतो आणि निम्मा वेळ रिकामी फिरणारी मोठी मोटर विनाकारण वीज खाते. म्हणून आधी हिशोब बघू, मग खरेदीचे ठरवू.

मोटर जळते म्हणजे काय होते? आतल्या तांब्याच्या तारेवर वार्निशचे पातळ आवरण असते. मोटर तापून तापून ते आवरण करपले की तारेला तार चिकटते आणि मोटर जाते. म्हणजे मोटरीला मारतो तो अँपिअर नव्हे, मारते ती उष्णता. हल्ली बऱ्याच मोटरींच्या पाटीवर आवरणाचा वर्ग ‘बी’ किंवा ‘एफ’ असा लिहिलेला असतो. ‘बी’ वर्गाचे आवरण १३० अंश सेल्सिअसपर्यंत चालते, ‘एफ’ वर्गाचे १५५ पर्यंत. त्याच्या वर तापमान राहिले, तर दर ८-१० अंशांमागे आवरणाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकळ नियम आहे. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा: ७ अँपिअर ओढल्यावर मोटर किती तापते, आणि तेवढी तापायला तिला वेळ किती लागतो?

चुलीवर पाण्याने भरलेला हंडा ठेवा. खाली जाळ लागला म्हणून पाणी लगेच गरम होत नाही. आधी झपाट्याने तापते, मग जसजसा हंडा गरम होईल तसतशी त्याच्या अंगातून उष्णता बाहेर जाऊ लागते आणि तापण्याचा वेग मंदावतो. जाळ बारीक असेल तर एक वेळ अशी येते की जेवढी उष्णता खालून येते तेवढीच बाहेर जाते. मग हंडा तिथेच थांबतो. कितीही वेळ ठेवा, त्याहून तापत नाही. मोटरीचे नेमके असेच आहे. तिच्यात कित्येक किलो लोखंड आणि तांबे आहे. तेवढे वजन तापवायला वेळ लागतो.

हा वेळ मोजायला इंजिनिअर लोकांनी एक माप ठरवले आहे. त्याला टाइम कॉन्स्टंट म्हणतात, आपण तापण्याचा कालांक म्हणू. एकाच भारावर मोटर चालू ठेवली तर ती अखेर जेवढे अंश चढणार आहे, त्याला एक रुपया समजा. त्या रुपयातले पहिले ६३ पैसे चढायला लागणारा वेळ म्हणजे कालांक. पुढच्या तितक्याच वेळात उरलेल्या ३७ पैशांतले ६३ टक्के चढतात, म्हणजे एकूण ८६ पैसे होतात. तिसऱ्या खेपेस ९५ होतात. बंद अंगाच्या, मागे पंखा असलेल्या लहान मोटरींचा हा कालांक साधारण २० ते ४० मिनिटांच्या घरात असतो. आपण आपल्या उदाहरणात ३० मिनिटे धरू. अशी मोटर पूर्ण गरम व्हायला दीड-दोन तास घेते, हे लक्षात ठेवा. बाकीचे सगळे यातूनच निघते.

आता उष्णता किती निर्माण होते ते पाहू. तारेतली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. ५ अँपिअरला ५ गुणिले ५, म्हणजे २५ भाग. ७ अँपिअरला ७ गुणिले ७, म्हणजे ४९ भाग. अँपिअर दीडपटसुद्धा झाले नाहीत, पण उष्णता जवळजवळ दुप्पट झाली. दुकानदाराची भीती अगदीच खोटी नाही ती इथे. उलट ३ अँपिअरला फक्त ९ भाग.

समजा आपली मोटर ५ अँपिअरवर दिवसभर चालली, तर ती हवेपेक्षा ७० अंशांनी जास्त तापते. हवा ४० अंश असेल तर आतली तार ११० वर जाते. ‘बी’ वर्गाला हे चालते. आता तीच मोटर सतत ७ अँपिअरवर चालवली, तर उष्णता दुप्पट, म्हणून चढही सुमारे दुप्पट, म्हणजे १४० अंश. हवेचे ४० मिळवले की १८० झाले. हे आवरणाला मुळीच सोसणार नाही.

पण १८० पर्यंत ती एका उडीत जात नाही. मोटर आधीच ७० अंश चढलेली असताना आपण ७ अँपिअरचा भार टाकला. तिला १४० पर्यंत जायचे आहे, म्हणजे ७० अंशांची वाट बाकी आहे, आणि कालांक ३० मिनिटांचा. ७० ला ३० ने भागा. सुरुवातीला तिचा वेग मिनिटाला सव्वादोन अंशांहून थोडा जास्त भरतो. म्हणजे एक पेंढी आत जाण्याच्या मिनिटभरात मोटर जेमतेम सव्वादोन अंश तापली. मग पेंढी संपली. गडी दुसरी पेंढी सोडतो, कापलेली कुट्टी बाजूला ओढतो, यात दोन मिनिटे जातात. त्या वेळी मोटर ३ अँपिअरवर रिकामी फिरते. तेवढ्या भारावर ती फक्त २५ अंश चढून थांबली असती, म्हणून आता ती ७० वरून २५ कडे उतरू लागते. ४५ ला ३० ने भागले की मिनिटाला दीड अंश. दोन मिनिटांत तीन अंश उतरली. चढली सव्वादोन, उतरली तीन. जळायला उष्णता साठणार कुठून?

याचा सोपा हिशोब असा करता येतो. तीन मिनिटांच्या एका फेरीत एक मिनिट ४९ भाग आणि दोन मिनिटे ९-९ भाग उष्णता झाली. बेरीज ६७ आली, तीनने भागली की २२ भाग आणि वर थोडे. पाटीप्रमाणे मोटरीला २५ भाग सोसतात. म्हणजे ही मोटर दिवसभराच्या मानाने पूर्ण भारापेक्षा किंचित कमीच चालली आहे. तिचा चढ ६२ अंशांच्या आसपास एक-दीड अंश वर-खाली करत राहील. शेजाऱ्याची मोटर चार वर्षे टिकली ती यामुळे. भार नसतानाही मोटरीच्या लोखंडात थोडी उष्णता होतच असते आणि ती या वर्गाच्या हिशोबात नीट येत नाही, म्हणून उत्तर २५ च्या फार जवळ येऊ देऊ नका. २२-२३ पर्यंत ठीक.

मात्र ही सूट फेरी लहान असेल तरच मिळते. अशा कमी-जास्त होणाऱ्या भाराच्या मोटरींसाठी जे मानक आहे त्यात एक फेरी १० मिनिटांची धरतात. आपली तीन मिनिटांची फेरी त्यात सहज बसते. पण पाऊस येणार म्हणून घाई झाली, दोघे गडी मदतीला आले आणि एकापाठोपाठ एक पेंढी तोंडात जाऊ लागली की विसावा संपला. सकाळी गार मोटरीवर असे काम सुरू केले तर २०-२१ मिनिटे ती आपल्या नेहमीच्या ७० अंशांच्या आतच राहील. नेमके हेच माणसाला फसवते. वीस मिनिटे काही झाले नाही म्हणजे पुढेही होणार नाही, असे वाटते. अर्ध्या तासाने चढ ८८ अंशांवर जातो, तासाभराने १२० च्या पुढे. दुपारी मोटर आधीच गरम असेल तर ही पहिली वीस मिनिटेही मिळत नाहीत.

मग मोटरीला विसावा द्यायचा कसा? बहुतेक जण बटण दाबून बंद करतात. इथे एक गंमत आहे, बघा. मोटरीला गार करणारा पंखा तिच्याच दांड्यावर मागे बसवलेला असतो. मोटर थांबली की पंखा थांबतो आणि उष्णता बाहेर नेणारे कोणी उरत नाही. म्हणून थांबलेल्या मोटरीचा गार होण्याचा कालांक चालू मोटरीच्या दोन-तीन पट असतो. ३० मिनिटांचा तो सुमारे ७५ मिनिटे होतो. ६२ अंश चढलेली मोटर दहा मिनिटे बंद ठेवली तर सात-आठ अंश उतरते. तीच दहा मिनिटे रिकामी फिरू दिली तर दहा-अकरा अंश उतरते. थोडक्या विसाव्यासाठी रिकामी फिरणेच बरे. पाऊण तासाच्या पुढे मात्र बंद मोटर जास्त गार होते, म्हणून जेवायला जाताना बंदच करावी. रिकाम्या फिरणाऱ्या कुट्टीजवळ जाणता माणूस उभा हवाच, आणि लहान पोरांना तिथे फिरकू देऊ नका. गार होण्याच्या तीन अंशांसाठी कोणाचा हात जायला नको.

बंद-चालू करण्यात आणखी एक तोटा आहे. चालू करताना मोटर पाटीच्या सुमारे सहापट अँपिअर ओढते. सहाचा वर्ग ३६. कुट्टीचे जड चाक वेगात यायला पाच सेकंद लागले, तर त्या पाच सेकंदांत पूर्ण भाराच्या तीन मिनिटांइतकी उष्णता तारेत होते. पाव तासात पाच-सहा वेळा बंद-चालू केले की मोटरीला विसावा मिळाला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पाव तास जादा काम दिलेले असते.

आणि आता जिथे हा सगळा हिशोब मोडतो ती जागा. आतापर्यंत आपण मोटरीला हंडा मानले. पण त्या हंड्यात एक तवा आहे, तो म्हणजे तांब्याची तार. उष्णता आधी तारेत होते, मग तिथून आवरण ओलांडून लोखंडात जाते. भार सव्वापट-दीडपट असेल तर तारेतून लोखंडात उष्णता सावकाश झिरपायला सवड मिळते आणि हंड्याचा हिशोब बऱ्यापैकी लागू पडतो. पण जाड धाट अडकून कुट्टी जागीच थांबली, तर मोटर फिरत नाही, सहापट अँपिअर ओढते आणि घूं असा आवाज करत राहते. तेव्हा ३६ पट उष्णता एकट्या तारेत साठते. हंडा तापायची वाट ती बघत नाही. तवा सेकंदाला पाच ते आठ अंशांनी तापत जातो. ११० अंशांवर असलेली तार पंधरा सेकंदांत २०० च्या आसपास जाते. म्हणून कुट्टी अडकली की आधी वीज तोडा, मेन स्विच खाली करा, मग धाट काढा. ‘जरा जोर लावून बघू, निघेल’ म्हणून बटण धरून ठेवणारे बरेच आहेत. मिनिटभराचा जादा भार मोटर सोसते, अडकलेले मिनिट नाही.

स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचे कामही यातच समजून घ्या. त्यात दोन धातूंच्या जोडपट्ट्या असतात. मोटरीचाच प्रवाह त्यांना तापवतो, तापल्या की त्या वाकतात आणि स्टार्टर तोडतात. म्हणजे रिले ही मोटरीची छोटी नक्कल आहे, पण तिचा कालांक मोटरीपेक्षा बराच लहान. पाटीच्या ५ अँपिअरवर लावलेली रिले ७ अँपिअरला मिनिटभर गप्प राहते. सलग तीन-चार मिनिटे घालत राहिलात तर बहुधा तोडते. तिने तोडले की लोक दोन चुका करतात. पहिली, स्क्रू फिरवून रिले ७ वर नेतात. मग सतत ७ अँपिअर चालले तरी ती बोलत नाही, आणि मोटर १८० अंशांच्या वाटेला लागते. दुसरी, दोन-तीन मिनिटांनी रीसेट दाबून पुन्हा पेंढी घालतात. पट्ट्या लहान म्हणून गार झाल्या; मोटर अजून तेवढीच गरम आहे. रिले पाटीच्या अँपिअरवरच ठेवा. ती वारंवार तोडत असेल तर ती बिघडली असे समजण्याआधी पेंढी पातळ करा आणि पात्यांना धार लावा. बोथट पात्यांवर तोच कडबा मोटरीला बराच जास्त ओढायला लावतो.

आपल्या मोटरीचा कालांक स्वतः काढायचा असेल तर एक दिवस पट्टा उतरवून मोटर नुसती फिरू द्या. सकाळी मोटर अगदी गार असताना तिच्या अंगाला, पंख्याच्या वाऱ्यापासून आडोसा होईल असा, स्पिरिटचा तापमापक ओल्या मातीने किंवा पुट्टीने चिकटवा. दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. समजा २८ वरून सुरुवात झाली आणि दोन-अडीच तासांनी ४८ वर आकडा स्थिर झाला. चढ २० अंशांचा. त्याचे ६३ टक्के म्हणजे सुमारे १३. तेव्हा ४१ चा आकडा ज्या मिनिटाला दिसला, ते मिनिट तुमच्या मोटरीचा कालांक. हे अंगाचे तापमान झाले. काम करताना आतली तार याहून बरीच जास्त गरम असते. म्हणूनच हात लावून केलेल्या पारखीवर फार विसंबू नये. हात ठेववत नाही एवढी गरम झालेली चांगली मोटर पूर्ण भारावर नेहमीचीच असू शकते. अंगावर पाण्याचा थेंब टाकताच चर्र करून उडाला किंवा वार्निशचा करपट वास आला, तर मात्र ताबडतोब थांबवा.

अँपिअर मोजायचे ते काम ज्या वेळी करता त्याच वेळी मोजा, कारण दाब कमी असला की आकडे बदलतात. ४१५ व्होल्टच्या जागी ३३० मिळाले, तर तीच पेंढी कापायला मोटर ७ ऐवजी साडेआठ अँपिअर ओढू शकते. साडेआठचा वर्ग ७२. त्यात रिकाम्या दोन मिनिटांचे १८ मिळवा, ९० झाले. तीनने भागले की ३०. हे २५ च्या वर गेले. विसावा दोनाचा तीन मिनिटे केला तर ९९ ला चारने भागून पावणेपंचवीस येतात, तेही काठावर. शिवाय दाब कमी झाला की मोटरीचा जोर दाबाच्या वर्गाने घटतो. ३३० व्होल्टवर तो दोन-तृतीयांशापेक्षा थोडा खालीच येतो. पूर्ण दाबाला सव्वादोनपट जोर लावू शकणारी मोटर अशा वेळी १.४ पटीवर दमते, आणि आपल्या जाड पेंढीला तेवढाच जोर लागतो. म्हणजे ती अडकून थांबायच्या काठावर आहे. अशा दिवशी निम्मी पेंढी घालावी, नाहीतर दाब चांगला असेल त्या वेळेला कुट्टी करावी.

विहिरीवरच्या पंपाला यातले काहीच लावू नका. पंप पाणी उपसतो तेव्हा त्याला पेंढ्यांमधली दोन मिनिटे नसतात. त्याचा भार सलग तासन् तास असतो. तिथे ५ च्या पाटीवर सतत साडेपाच अँपिअर दिसले तरी उष्णता २५ ची ३० झाली आणि ती दिवसभर तशीच राहिली. पाण्यात बुडालेल्या सबमर्सिबल मोटरीचे अंग बारीक, तिला पाण्याने गार ठेवलेले. तिचा कालांक फारच लहान असतो आणि पाणी सुटले की तिला सवड मिळत नाही. एक फेज गेली तर उरलेल्या दोन फेजांत प्रवाह सुमारे पावणेदोनपट होतो, म्हणजे उष्णता तिप्पट. तो मिनिटभराचा भार नव्हे, फेज परत येईपर्यंतचा असतो. त्यासाठी पंपाच्या स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर वेगळा लावावा.